ज्येष्ठ नागरिक संघात ‘आयुष्याचा आढावा’ या विषयावर बोलताना: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

ज्येष्ठ नागरिक संघात या विषयावरचं व्याख्यान बहुतेक वेळा दोनपैकी एका पद्धतीने फसतं. एक तर त्याचं प्रवचन होतं: ‘झालं गेलं विसरा, आनंदी राहा.’ श्रोते मान डोलावतात आणि चहाला उठतात. नाहीतर वक्ता सभागृहातल्या साठ जणांना एकदम ‘आयुष्यातलं सर्वांत मोठं दुःख आठवा’ म्हणतो, चार जण रडू लागतात आणि वेळ संपल्यामुळे आभार मानून सभा उठते. पहिल्या प्रकारात काहीच घडत नाही. दुसऱ्यात जखम उघडी राहते.

चाळीस मिनिटांत कुणाच्याही आयुष्याचा आढावा पूर्ण होत नाही. सभेत शिकवायची असते ती फक्त रीत: एक प्रसंग, त्याला विचारायचे चार प्रश्न आणि ऐकणारा एक माणूस. खालचे टप्पे तेवढ्याच हेतूने लावले आहेत. त्यांचा क्रम शक्यतो बदलू नका.

## १. आधी स्वतःची समजूत पक्की करा

मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी १९५० साली माणसाच्या वाढीचे आठ टप्पे मांडले. शेवटच्या टप्प्यात माणूस मागे वळून पाहतो आणि त्याच्यासमोर दोन दिशांची ओढ असते. एका बाजूला ‘हे आयुष्य माझं होतं, त्यातल्या चुकांसकट माझं होतं’ ही भावना. दुसऱ्या बाजूला ‘वेगळं जगायला हवं होतं, आता वेळ उरला नाही’ ही हताशा. मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत हे ‘एकात्मता विरुद्ध निराशा’ असं आढळेल. सभेत ‘स्वीकार’ आणि ‘हळहळ’ हे शब्द पुरतात.

वक्ते इथेच घसरतात. यशस्वी माणसाला स्वीकार मिळतो आणि अपयशी माणसाच्या वाट्याला हताशा येते, असा अर्थ ते लावतात. एरिक्सन यांचं म्हणणं तसं नाही. दोन्ही ओढी प्रत्येकाला असतात आणि हळहळ पूर्ण नाहीशी होत नाही. प्रश्न असतो तो कोणतं पारडं जड राहतं याचा. मुलं परदेशात स्थिरावलेला, बंगला बांधलेला माणूस आतून हताश असू शकतो आणि आयुष्यभर भाड्याच्या खोलीत राहिलेली बाई निवांत असू शकते.

दुसरं नाव अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांचं. म्हातारी माणसं जुन्या गोष्टी उगाळतात म्हणजे त्यांचं डोकं चालेनासं झालं, असा समज तेव्हा डॉक्टरांमध्येही होता. बटलर यांनी १९६३ साली मांडलं की हा आढावा स्वाभाविक आहे. शेवट जवळ आल्याची जाणीव झाली की न मिटलेले प्रसंग वर येतात आणि मन ते पुन्हा लावून पाहतं. याचा निकाल चांगलाच लागतो असं मात्र त्यांनी म्हटलेलं नाही. एकट्याने, कुणी ऐकणारं नसताना केलेला आढावा अपराधीपणात आणि खोल निराशेतही जाऊ शकतो. सभेत सगळा भर ऐकणाऱ्यावर ठेवायचा तो यासाठी.

आढावा आणि घोळवणं यांतला फरकही तुम्हाला ओळखता आला पाहिजे. घोळवताना माणूस एकच प्रसंग त्याच शब्दांत सांगतो आणि दर वेळी त्याच वाक्यावर थांबतो. मध्ये प्रश्न विचारला तरी गोष्ट जागची हलत नाही. आढाव्यात मात्र काहीतरी नवं येतं: विसरलेला तपशील, दुसऱ्या माणसाची बाजू किंवा ‘तेव्हा मी अवघा बावीसचा होतो’ अशी एखादी ओळ.

तपासा: वरचे दोन्ही विचार कागद न बघता, इंग्रजी शब्द न वापरता, प्रत्येकी दोन मिनिटांत सांगता येतात का? येत नसतील तर पुढची तयारी थांबवा.

## २. सचिवांना फोन

व्याख्यानाच्या आठवडाभर आधी संघाच्या सचिवांशी सविस्तर बोला. पहिला प्रश्न वेळेचा. पत्रिकेत साडेचार ते सहा असं लिहिलेलं असतं, पण प्रार्थना, महिन्याच्या वाढदिवसांचे सत्कार, सहलीच्या सूचना आणि वक्त्याचा परिचय होईपर्यंत सव्वापाच वाजतात. तुमच्या हाती प्रत्यक्षात किती मिनिटं उरतात, ते स्पष्ट विचारून घ्या.

दुसरा प्रश्न: गेल्या सहा महिन्यांत कोणाचा जोडीदार गेला आहे का, कुणाच्या घरी मोठा आघात झाला आहे का? नावं कळली तर त्यांना प्रात्यक्षिकासाठी पुढे बोलवायचं नाही, एवढंच लक्षात ठेवायचं. त्याच सभेत कुणाला श्रद्धांजली वाहायची असेल तर तुमचा विषय पुढच्या महिन्यात घ्यायला सांगा. श्रद्धांजलीनंतर लगेच हळहळीवर बोललं की सभागृह जे खाली बसतं ते पुन्हा उठत नाही.

तिसरी बाब बसण्याची. ओळीत खिळवलेल्या खुर्च्या असतील तर शेजाऱ्याशी बोलता येतं, गोल करता येत नाही. सराव त्याप्रमाणे आखा. ऐकायला कमी येणाऱ्यांना पुढच्या दोन ओळींत बसवायला आधीच सांगून ठेवा. हातात धरायचा माइक दोन असतील तर उत्तम.

फलकावर विषय लिहिताना ‘मृत्यू’, ‘नैराश्य’, ‘संध्याछाया’ असले शब्द टाळा. ‘आयुष्याचा आढावा कसा घ्यावा’ पुरे. आणि तुम्ही वयाने लहान असलात तरी सगळ्यांना सरसकट ‘आजी-आजोबा’ म्हणू नका. पासष्टीच्या निवृत्त अभियंत्याला किंवा मुख्याध्यापिकेला ते रुचत नाही. ‘आपण’ आणि आडनावापुढे ‘साहेब’, नावापुढे ‘ताई’ किंवा ‘काका’, जे त्या संघात चालतं ते वापरा.

## ३. चाळीस मिनिटांची वाटणी

पहिली पाच मिनिटं सभा सैल होण्यासाठी. पुढची दहा हलक्या आठवणींसाठी, दोघादोघांत. त्यानंतर दहा मिनिटं विचार आणि एक उदाहरण. मग दहा मिनिटं चार प्रश्नांचा सराव. शेवटची पाच वर्तमानात परत येण्यासाठी.

बहुतेक वक्ते सिद्धांतापासून सुरुवात करतात, कारण तो भाग त्यांनी पाठ केलेला असतो. ‘आठ टप्पे’ ऐकून श्रोते वर्गात बसल्यासारखे गप्प होतात आणि नंतर बोलते होत नाहीत. आधी आठवण आली की सिद्धांताला धरायला काहीतरी मिळतं.

सावधान: वेळ कमी पडली तर सिद्धांत कापा. शेवटची पाच मिनिटं कापायची नाहीत.

## ४. आठवणींना सुरुवात

मध्यम वयापुढच्या माणसांना आयुष्यातल्या दहा ते तीस या वयातल्या आठवणी इतर काळापेक्षा जास्त येतात. त्यामुळे श्रोत्यांच्या वयावरून साल काढता येतं. २०२५ साली पंचाहत्तर वर्षांचा माणूस १९५० चा, म्हणजे त्याच्या आठवणींचा दाट काळ १९६० ते १९८०. त्याला १९७२ चा दुष्काळ, मिलो ज्वारी, सुकडी, रेशनच्या रांगा आठवतील. मुंबईत त्याच वर्षी दूरदर्शन सुरू झालं. पहिला टीव्ही कोणाच्या घरी पाहिला, हे विचारल्यावर सभागृहात एकदम आवाज वाढतो. सत्तरीच्या आतबाहेरच्या मुंबईकरांना १९८२ चा गिरणी संप लख्ख आठवतो.

मात्र ठिकाण पाहून विषय निवडा. लातूर-धाराशिवकडे १९९३ चा भूकंप, पुण्यात पानशेतचा १९६१ चा पूर, परळ-लालबागमध्ये गिरणी संप यांतून अनेकांच्या घरातली माणसं किंवा चूल गेली आहे. सुरुवातीला हे विषय नकोत. शाळेची वाट, पहिला पगार, लग्नाआधीचं घर, आईच्या हातचा एखादा पदार्थ इथून सुरुवात करा.

जोड्या करा. एकाने दोन मिनिटं बोलायचं, दुसऱ्याने फक्त ऐकायचं, मग अदलाबदल. वेळ झाल्याची घंटा वाजवा, नाहीतर पहिलाच माणूस दहा मिनिटं घेतो. ऐकणाऱ्याला तीन गोष्टींची मनाई: सल्ला देणं, ‘माझंही अगदी असंच झालं’ म्हणून गोष्ट आपल्याकडे ओढणं आणि साल किंवा नाव दुरुस्त करणं. तिसरी सवय नवरा-बायको शेजारी बसले की हमखास दिसते, म्हणून जोडप्यांना वेगवेगळं बसवा.

तपासा: घंटा वाजल्यावरही बोलणी थांबत नसतील तर सभा तयार आहे. शांतता असेल तर आणखी एक हलकी आठवण घ्या, पुढे जाऊ नका.

## ५. विचार एका उदाहरणातून मांडा

आता स्वीकार आणि हळहळ समजावून सांगा, पण उदाहरणाच्या अंगाने. उदाहरण काल्पनिक असावं आणि तसं सांगावं. सभेतल्या कुणाची खरी गोष्ट परवानगीनेसुद्धा घेऊ नका, कारण नंतर संघात चर्चा त्या व्यक्तीची होते. पुढचं उदाहरण जसंच्या तसं वापरता येईल.

एक बाई, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. १९७८ मध्ये वय सत्तावीस, चार वर्षांची नोकरी, दोन लहान मुलं. सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्याच सुमारास बदली दुसऱ्या तालुक्यात झाली. सासरे आणि नवरा यांनी ठरवलं, राजीनामा दिला गेला. आज त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि बरोबरीच्या शिक्षिकांची पेन्शन निघाली की त्यांना ते आठवतं.

या प्रसंगाकडे पाहण्याच्या तीन तऱ्हा फळ्यावर लिहा.

पहिली: ‘माझं आयुष्य त्या दिवशी संपलं.’ ही हताशा. एका निर्णयात सगळी वर्षं बुडवून टाकली जातात.

दुसरी: ‘जे झालं ते बऱ्यासाठीच, नशिबात होतं.’ ही ऐकायला स्वीकारासारखी वाटते आणि सभागृहातून टाळ्याही हिलाच मिळतात. पण हिच्यात नुकसान नाकारलेलं आहे. बाईंना विचारलं गेलं नव्हतं, पगार गेला, वर्ग गेला, हे सगळं झाकलं जातं. झाकलेलं पुन्हा पेन्शनच्या गोष्टीत डोकं वर काढतं. वक्त्याने इथे थांबून हे स्पष्ट सांगायलाच हवं, कारण आपल्याकडे समजूत घालण्याची पद्धत नेमकी हीच आहे.

तिसरी तऱ्हा चार प्रश्नांतून निघते.

काय घडलं? फक्त घटना. कोणी काय म्हटलं, कोणत्या महिन्यात, कागद कुणी लिहिला. विशेषणं नकोत.

तेव्हा माझ्या हातात काय होतं? आजच्या शहाणपणाने तेव्हाच्या माणसाचा न्याय करणं ही हळहळीची मुख्य खोड आहे. सत्तावीस वर्षांच्या सुनेकडे १९७८ मध्ये बिनपगारी रजेची माहिती होती का, माहेरचा आधार होता का, हे मोजायचं. खरोखर हातात काही असूनही केलं नसेल तर तेही लिहायचं. या प्रश्नाचा हेतू स्वतःला निर्दोष ठरवण्याचा नाही.

काय गेलं आणि काय राहिलं? दोन रकाने. ‘गेलं’चा रकाना आधी आणि पूर्ण भरायचा. ‘राहिलं’मध्ये ओढूनताणून सोनं शोधायचं नाही, काही प्रसंगांत तो रकाना जवळपास रिकामाच असतो आणि चालतं. बाईंच्या बाबतीत सासूबाईंची चार वर्षांची शुश्रूषा त्यांनी निगुतीने केली, हे राहिलं. कोणी शाबासकी दिली नाही, तरी केलेलं काम त्यांचंच आहे.

आता त्यातलं काय करता येण्याजोगं आहे? सासरे हयात नाहीत, त्यांच्याकडून माफी येणार नाही. मात्र नोकरीला लागलेल्या नातीला ही गोष्ट पूर्ण सांगता येईल. नवऱ्याला एकदा भांडण न काढता सांगता येईल की मला तेव्हा विचारायला हवं होतं. ही कामं छोटी आहेत. छोटीच हवीत.

चारही प्रश्नांची उत्तरं जोडली की वाक्य साधारण असं होतं: ‘मला न विचारता नोकरी सुटली, त्याचं वाईट आजही वाटतं, त्या घरात मी जे केलं तेही माझंच आहे.’ या वाक्यात दुःख आहे आणि मालकीही आहे. एरिक्सन यांना अभिप्रेत असलेला स्वीकार दिसतो तो असा.

## ६. सराव: कागद आणि ओझ्याचा अंदाज

चार प्रश्न एका पानावर, एकाच बाजूला, मोठ्या ठळक टाइपात छापून आणा. अठरा पॉइंटपेक्षा लहान नको. श्रोत्यांच्या संख्येपेक्षा दहा प्रती जास्त आणि तेवढीच पेनं. मोतीबिंदू, थरथरणारे हात किंवा लिहायची सवय नसणं यामुळे काहींना लिहिता येत नाही. त्यांनी मनातल्या मनात उत्तरं द्यावीत, असं आधीच सगळ्यांसमोर सांगा, म्हणजे कुणाला कारण द्यावं लागत नाही.

प्रसंग निवडण्याआधी ओझं मोजायला लावा. शून्य म्हणजे काहीच त्रास नाही, दहा म्हणजे आठवलं तरी श्वास अडतो. आज तीन ते पाचमधलाच प्रसंग घ्यायचा. राहिलेलं शिक्षण, भावाशी जमिनीवरून धरलेला अबोला, विकलेलं घर असे. अपत्य गमावणं, आत्महत्या, अत्याचार, दंगल हे आठ-नऊचे विषय सभेत काढायचे नाहीत. ते एकास एक, जाणत्या माणसासोबत. दोन्ही आकडे माइकवरून दोनदा सांगा, कारण ‘मोठंच दुःख निवडावं’ असा अनेकांचा समज होतो.

सहा मिनिटं लिहायला द्या आणि तेवढा वेळ तुम्ही गप्प राहा. लिहिलेलं कुणीही वाचून दाखवणार नाही. ‘कोणी स्वेच्छेने वाचेल का?’ असंही विचारू नका. बोलका माणूस उठतो, त्याचा प्रसंग नऊचा निघतो आणि सभा त्याच्या मागे जाते. कागद गोळा करू नका, घरी न्यायला सांगा.

## ७. सभेत रडू आलं तर

डोळे पाणावणं म्हणजे संकट नव्हे. बोलणं चालू ठेवा, शेजारच्या व्यक्तीला पाण्याचा पेला द्यायला खुणेने सांगा. रडणाऱ्याला माइक देणं किंवा ‘रडू नका’ म्हणणं, दोन्ही चूक. हुंदके थांबत नसतील तर संघातली एखादी परिचित व्यक्ती त्यांच्याबरोबर बाहेर बसेल. ही व्यक्ती सभेआधीच सचिवांशी बोलून ठरवलेली असावी.

एखादे गृहस्थ उठून मुलाबद्दलची तक्रार सांगू लागले आणि थांबेनात, तर त्यांच्या बोलण्यातलं एक वाक्य पकडून परत म्हणा, ‘तुम्हाला विचारलं गेलं नाही, हे लागलं तुम्हाला’ आणि लगेच सभेनंतर बसून बोलण्याची वेळ द्या. सल्ला दिलात तर ते दुसरी तक्रार काढतील.

‘आता जगून काय करायचं’, ‘मी घरच्यांना ओझं झालोय’ अशी वाक्यं ऐकली तर विनोदाने उडवू नका. सभेनंतर बाजूला घेऊन सरळ विचारा: ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही. उत्तर हो असेल तर त्यांना एकटं सोडू नका, त्यांच्या संमतीने घरच्या विश्वासू माणसाला बोलवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी गाठ घालून द्या. टेलि-मानस १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ आहे, पण ती सकाळी आठ ते रात्री आठ एवढ्याच वेळेत. दोन्ही क्रमांक त्या चार प्रश्नांच्या कागदाच्या तळाशी छापा.

दोन आठवडे किंवा अधिक काळ झोप, भूक आणि रस उडालेला असेल तर ती व्याख्यानाने जाणारी हळहळ नाही. तो उपचार लागणारा आजार असू शकतो. अशा अवस्थेत आढावा घेतला की मन फक्त दोषच वेचतं. आधी उपचार, मग आढावा. स्मृतिभ्रंश झालेल्यांबरोबर चार प्रश्न वापरू नका. जुनी भांडी, फोटो, गाणी यांवर साध्या गप्पा मारा, मूल्यमापन नको.

## ८. परत आजच्या दिवसात

शेवटच्या पाच मिनिटांत कागद घडी करून खिशात किंवा पर्समध्ये ठेवायला सांगा. मग जोडीतल्या माणसाला एकच गोष्ट सांगायची: उद्या सकाळी तुम्ही काय करणार आहात. फिरायला जाणं, नातवाचा डबा, बँकेत हयातीचा दाखला, काहीही चालेल. आवाज पुन्हा वाढला की आभार आणि चहा. प्रश्नोत्तरं इथे नकोत. ज्यांना विचारायचं आहे ते चहाच्या वेळी येतातच, आणि तिथे बरे प्रश्न येतात.

## ९. पुढचे आठवडे

संघाला पुढे जायचं असेल तर दोन वाटा आहेत. बार्बरा हेट या परिचारिका-संशोधकांनी बसवलेली पद्धत एकास एक चालते: साधारण तासाभराची बैठक, आठवड्यातून एकदा, सहा ते आठ आठवडे. बालपणापासून क्रमाने पुढे यायचं आणि शेवटच्या बैठकांत सगळं जोडून पाहायचं. ऐकणारा तोच राहिला पाहिजे. दर आठवड्याला नवा कार्यकर्ता पाठवला की माणूस पुन्हा बालपणापासून सुरू करतो आणि पुढे सरकत नाही. दुसरी वाट वार्धक्याचे अभ्यासक जेम्स बिरेन यांची: पाच-सहा जणांचा गट, दर वेळी एक विषय, घरून दोन पानं लिहून आणायची आणि गटात वाचायची. आयुष्याची वळणं, कुटुंब, पैसा, काम, शरीर असे विषय. आपल्या संघांत पैशावरची बैठक सर्वांत अवघड जाते, कारण तिथे मुलं आणि वाटण्या येतात. ती चौथ्या-पाचव्या आठवड्याआधी घेऊ नका.

गटाचा नियम पहिल्याच दिवशी ठरवा: इथलं बोलणं बाहेर जाणार नाही, संघाच्या व्हॉट्सॲप गटावर तर नाहीच. हा नियम एकदा मोडला गेला तर तो गट बंद करून नवा सुरू करणं सोपं पडतं.

सभेत ज्यांना रडू आलं होतं त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करायचा. तो वक्त्याने करण्यापेक्षा संघातल्या ओळखीच्या माणसाने करावा. रात्री झोप लागली का, जेवण झालं का, कागदाला पुन्हा हात लावला का, एवढंच विचारायचं. झोप लागली नसेल तर तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन.